सोसायटीच्या गणपतीची कामं वाटणारा मेसेज

प्रश्न: आमच्या सोसायटीत 60 फ्लॅट आहेत. दरवर्षी गणपतीच्या आधी मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामांची यादी आणि तारखा टाकतो. चाळीस अंगठे येतात आणि आदल्या रात्री मी आणि बायको फुलं आणायला पळतो. मेसेज नक्की कसा लिहावा?

उत्तर:

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत 56 फ्लॅट, दोन विंग आणि पाच दिवसांचा गणपती. हा मेसेज टाकायचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे, आणि माझा पहिला मेसेज अगदी तुमच्यासारखाच होता. त्यात एक वाक्य होतं, "गुरुजींना लवकरात लवकर सांगण्यात यावे." अकरा अंगठे आले. चतुर्थीला सकाळी साडेदहाला मूर्ती चौरंगावर, समई लावलेली, आणि सगळे एकमेकांकडे बघतायत. ए विंगला वाटलं बी विंगने सांगितलंय, बी विंगला वाटलं मी. त्या दिवशी ऐनवेळी गुरुजी कुठून मिळणार! शेवटी मोबाइलवर पूजा लावली आणि तो माइकपाशी धरून प्रतिष्ठापना उरकली. मध्ये एक फोन आला तेव्हा गणपतीबाप्पांनी माझ्या मेव्हण्याची रिंगटोनही ऐकली.

घोळ त्या "सांगण्यात यावे" मध्ये होता. आपल्याकडे सोसायटीचं लिखाण म्हटलं की हात आपोआप सरकारी मराठीत जातो. "फुले आणली जातील", "व्यवस्था करण्यात येईल". या वाक्यांत काम आहे, तारीखही असते, पण माणूस नाही. "महिला मंडळ", "यंग ब्रिगेड" ही नावंही तसलीच, त्यांच्या दाराची बेल कुठली वाजवायची? आता माझा नियम असा की प्रत्येक ओळीत कर्ता हवा आणि तो एकच हवा. मदतीला दोघं असू देत, पण विचारायचं झालं तर कुणाला, हे एका नावावर थांबलं पाहिजे.

इथे वयाची अडचण येते. सत्तरीच्या काकांना ग्रुपवर "काका, 17 तारखेपर्यंत यादी आणा" असं लिहिणं बरं दिसत नाही, आणि "कृपया आणावी ही विनंती" लिहिलं की ते ऐच्छिक वाटतं. यावर आपला साधा भविष्यकाळ पुरतो. "काका यादी आणतील." हुकूमही नाही, विनवणीही नाही, ठरलेली गोष्ट सांगितल्यासारखं.

पण ठरलेली म्हणजे खरोखर ठरलेली हवी. मी मेसेज टाकायच्या आधी तीन-चार संध्याकाळी फोन करतो किंवा जिन्यात गाठतो. नऊ-दहा माणसं असतात, जास्त नाहीत. "हे काम घ्याल का, आणि त्या आठवड्यात इथे आहात का?" एवढंच विचारतो. दुसरा प्रश्न आमच्याकडे फार महत्त्वाचा, कारण निम्मी बिल्डिंग कोकणातली. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे गावाला जाणाऱ्याला जूनच्या शेवटी आपली तारीख पाठ असते. आपणच विचारत नाही. जो हो म्हणाला त्याचंच नाव मेसेजमध्ये जातं. ग्रुपवर "कोण घेणार?" असं विचारणं मी बंद केलंय. तिथे शांतता पसरते, आणि मग जे नेहमी करतात तेच लाजेखातर हात वर करतात.

तारखांचं म्हणाल तर त्या कॅलेंडर बघून सोयीने टाकू नका. प्रत्येक तारखेमागे सोसायटीबाहेरचा कुणीतरी असतो, तो म्हणेल ती खरी. 2025 ला चतुर्थी बुधवारी, 27 ऑगस्टला होती आणि आमचा महाप्रसाद शनिवारी 30 ला. केटररला पक्का आकडा गुरुवारी सकाळी हवा होता, म्हणून सोसायटीला बुधवारची मुदत द्यावी असं समितीत निघालं. पण मंगळवारी हरतालिका, बायकांचे उपास आणि घरोघरी स्वतःच्या गणपतीची तयारी. बुधवारी तर फोन कोण बघतो? शिवाय गावाला जाणारे शनिवारीच निघालेले. म्हणून मुदत मागे ओढून रविवारी 24 ला आणली. फुलांचंही असंच. आदल्या संध्याकाळी भाव चढलेले असतात आणि दूर्वांच्या जुड्या संपलेल्या, त्यामुळे त्या कामाला दोन तारखा लागतात, ऑर्डर द्यायची वेगळी आणि आणायची वेगळी.

तो मेसेज आम्ही 10 ऑगस्टला, रविवारी रात्री नऊच्या सुमारास टाकला. नावांच्या जागी इथे फ्लॅट नंबर घातलेत, बाकी जवळपास तसाच आहे:

*गणपती 2025: कामं आणि तारखा*

*सर्व घरांसाठी तीनच गोष्टी*
वर्गणी शुक्रवार 15 ऑगस्टपर्यंत (15 धरून). पैसे पाठवताना फ्लॅट नंबर लिहा.
मंडपाच्या जागेतल्या गाड्या शनिवार 23 ला सकाळी 7 च्या आत काढा.
महाप्रसादाची ताटं किती, ते रविवार 24 ला रात्री 9 च्या आत सांगा. ए विंगने ए-203 ताईंना, बी विंगने बी-601 ला.

*गुरुजी:* ए-104 काका त्यांच्याशी बोलले आहेत. बुधवार 27, सकाळी 11. सामानाची यादी काका रविवार 17 ला ए-301 काकूंना देतील.
*पूजेचं सामान:* ए-301 काकू. सोमवार 25 च्या रात्री सगळं त्यांच्या घरी असेल.
*फुलं, दूर्वा, केळीचे खांब:* बी-205. ऑर्डर शुक्रवार 22, आणणार मंगळवार 26 संध्याकाळी.
*मंडप, लाइट:* ए-602. शनिवार 23 ला रात्री 8 वाजता लाइट लावून बघतील.
*मूर्ती:* बी-402 दादा, मंगळवार 26, संध्याकाळी 6. सोबत बी-303 आणि ए-501.
*महाप्रसाद, शनिवार 30:* केटररशी फक्त ए-203 ताई बोलतील.
*विसर्जन, रविवार 31, दुपारी 4:* टेम्पो बी-601, निर्माल्य ए-404.

काही अडलं तर मला फोन करा. ए-702

सगळ्यांनी करायच्या गोष्टी वर ठेवल्यात, कारण लांब मेसेज ग्रुपवर दुमडला जातो आणि "पुढे वाचा" वर बोट ठेवणारे थोडे. ज्यांच्या नावावर काम आहे ते आपली ओळ शोधून वाचतात, बाकीचे वरच्या चार-पाच ओळींवर थांबतात, आणि त्यांनी तेवढंच वाचलं तरी चालतं. "15 धरून" हे भांडण झाल्यावर आलं. "15 पर्यंत" म्हणजे 14 ची रात्र की 15 ची, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. "उद्या", "येत्या रविवारी" असले शब्द मी वापरत नाही. मेसेज कुणीतरी दोन दिवसांनी घरच्यांना पुढे पाठवतं आणि तिथे उद्याचा परवा होतो. फ्लॅट नंबर लिहायची सूचनाही अनुभवातून आली. वर्गणी मुलाच्या किंवा जावयाच्या खात्यातून येते, आणि खजिनदार बिचारा अनोळखी नावं घेऊन जिने चढतो.

मंडपाची ओळ पुन्हा बघा. "मंडपाचं काम शनिवारपर्यंत पूर्ण" असं लिहिलं असतं तर शनिवारी बांबू उभे राहिले असते आणि ए-602 ने झालं म्हणून सांगितलं असतं. "रात्री 8 वाजता लाइट लावून बघतील" हे खाली उतरलेल्या कुणालाही दिसतं. एकदा असंच आठला लावून बघितलं म्हणून कळलं की मीटर रूममधला फ्यूज एवढा भार घेत नाही. वायरमन बोलवायला चार दिवस हातात होते.

ताटांसाठी ग्रुपवर पोल घेऊ नका, हे मात्र मनापासून सांगतो. 2024 ला आम्ही घेतला होता. "2 जण, 3 जण, 4 जण" असे पर्याय दिले आणि बेरीज 214 आली. पोल मतं मोजतो, घरं मोजत नाही. नवरा "4 जण" दाबतो, बायकोही "4 जण" दाबते, झाले आठ. उलट आजी-आजोबा दोघंच राहतात ते पोल उघडतच नाहीत. जेवायला 160 च्या आसपास माणसं आली, पैसे 214 ताटांचे गेले आणि दुसऱ्या दिवशी अख्खी सोसायटी मसालेभात खात होती. आता प्रत्येक विंगला एक माणूस, त्याच्या हातात फ्लॅटची छापील यादी. रविवारी रात्री नऊनंतर ज्या घरापुढे आकडा नाही तिथे तो बेल वाजवतो. दर विंगला सहा-सात घरं उरतात, अर्ध्या तासाचं काम. त्यावर वॉचमन, सफाईवाल्या मावशी, माळीदादा यांची ताटं वेगळी धरायची. ती पोलमध्ये कधीच येत नाहीत.

मेसेज टाकला की तो पिन करा, 30 दिवसांचा पर्याय असतो. बदल झाला तर जुना दुरुस्त करता येणार नाही, कारण पंधरा मिनिटांनंतर एडिट बंद होतं. मी पूर्ण मेसेज कॉपी करून, झालेल्या कामापुढे "झालं" लिहून नवा टाकतो आणि जुन्याची पिन काढतो. दोन याद्या पिन राहिल्या की लोक नेमकी जुनी वाचतात. तोच मजकूर मोठ्या अक्षरात छापून लिफ्टमध्ये लावतो. आमच्याकडे तरी व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा लिफ्ट जास्त वाचली जाते.

आठवण मात्र ग्रुपवर करत नाही. आदल्या दिवशी त्या माणसाला एकट्याला फोन, "काकू, उद्या सामान येतंय ना?" ग्रुपवर नाव घेऊन विचारलं तर काम होतं, पण पुढच्या वर्षी ते नाव मिळत नाही. फोनवर टाळाटाळ ऐकू आली तर त्याच रात्री दुसरा माणूस बघायचा. त्यासाठी दोन नावं मी मनात राखून ठेवतो, मेसेजमध्ये लिहीत नाही.

एक ओळ आम्ही 2025 ला विसरलो, तुम्ही विसरू नका. विसर्जन रविवारी झालं, सोमवारी सगळे ऑफिसला. मंडपवाला आपले बांबू घेऊन गेला, पण घराघरांतून आणलेल्या वस्तू परत कोण देणार हे कुठे लिहिलंच नव्हतं. सतरंज्या आठवडाभर क्लब हाउसमध्ये पडून होत्या, दोन एक्स्टेन्शन बोर्ड गेले ते गेलेच. ए-301 काकूंची समई बी विंगमध्ये कुणाकडे तरी आहे, घासूनपुसून ठेवलेली आहे असंही कानावर येतं, पण ती अजून जिना उतरलेली नाही.