घरघर ऐकू नका, श्वास मोजा

प्रश्न: दहा महिन्यांच्या मुलीला चार दिवस खोकला आहे. छातीत घरघर नाही, तापही फार नाही. सासूबाई म्हणतात साधी सर्दी आहे. न्यूमोनिया असेल तर घरच्या घरी कसं कळणार?

मुलगी झोपली असेल किंवा शांत पडली असेल तेव्हा झबलं गळ्यापर्यंत वर करा, सेकंदकाटा समोर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पन्नास किंवा त्याहून जास्त भरले तर आजच डॉक्टरांकडे. आणि श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा काहीही येवो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. सकाळची वाट बघू नका.

आता त्या घरघरीबद्दल. माझी नोकरी बालवॉर्डात झाली, आणि 'सिस्टर, घरघर नाही हो, मग न्यूमोनिया कसा?' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. लहान मुलाची जी घरघर खोलीभर ऐकू येते ती बहुतेक वेळा नाकातल्या आणि घशातल्या शेंबडाची असते. न्यूमोनियात पाणी भरतं ते फुप्फुसाच्या अगदी आतल्या, बारीक फुग्यांत, आणि तिथला आवाज पाठीला कान लावून कळत नाही. त्यामुळे भरपूर घरघरणारं पण दूध ओढणारं, हसणारं पोर पुष्कळदा नुसतं सर्दीचं असतं, आणि अजिबात आवाज न करणारं पोर भरती करावं लागतं.

इथे इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या शेजारी हेच झालं. आठ महिन्यांचा मुलगा, जानेवारीची थंडी, खोकल्याचा तिसरा दिवस. आजोबांनी पाठीला कान लावून निकाल दिला, 'छाती साफ आहे.' ओवा-लसणाची पुरचुंडी शेकून झाली. बाळाच्या वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं म्हणून श्वासही मोजले, पण पंधरा सेकंद मोजून चारने गुणले. अकरा आले, म्हणजे चव्वेचाळीस. पन्नासच्या खाली, झालं समाधान.

चूक नेमकी इथे होते. तान्ह्या मुलाचा श्वास घड्याळासारखा एकसारखा चालत नाही. भराभर चार-पाच घेतात, मग जरा थबकतात, पुन्हा भराभर. पंधरा सेकंदांच्या तुकड्यात ते थबकणं आलं तर आकडा पडतो, आणि मोजण्यात एका श्वासाची गफलत झाली की गुणाकारात ती चारची होते. त्याच बाळाचं नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी मोकळं केलं, अंगातली कणकण उतरेपर्यंत अर्धा तास थांबलो, कारण ताप असला की श्वास तसाही वाढतो. मग आईच्या मांडीवर झोपेत पूर्ण मिनिट मोजले. छप्पन्न. पुन्हा मोजले, पंचावन्न.

दोन महिने पूर्ण झालेल्यापासून वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नास, एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस, आणि दोन महिन्यांच्या आतल्याला साठ, ही हद्द आहे. अगदी तान्ह्याचे साठ भरले तर दुसऱ्यांदा मोजायचे. पुन्हा साठ किंवा जास्त आले तर थेट दवाखाना. ही रीत पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान नावाच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात केलेल्या कामातून पुढे आली. तिथल्या खेड्यापाड्यांत एक्स-रे नव्हता, म्हणून आरोग्य सेवकाला नुसत्या डोळ्यांनी आणि घड्याळाने ओळखता येईल असं काहीतरी हवं होतं.

श्वास का वाढतो? फुप्फुस सुजून ताठ झालं की खोल श्वास घेणं जड जातं, म्हणून मूल उथळ पण भराभर घेतं. त्याहून ताठ झालं की हवा आत खेचायला इतका जोर लागतो की छातीची मऊ, खालची बाजूच आत ओढली जाते. इंदुरी भाषेत 'पसली चल रही है' म्हणतात ते हेच, आणि जुन्या बायका 'डबा झाला' म्हणायच्या.

त्या आजोबांशी वाद झाला तो इथेच. 'लहान मुलांचं पोट उडतंच,' असं ते म्हणाले. उडतंच, बरोबर आहे. पण श्वास आत घेताना पोटाबरोबर छातीही वर यायला हवी. पोट वर आणि बरगड्यांची खालची कड आत, असा झोपाळ्यासारखा प्रकार दिसला तर ते नॉर्मल नाही. मूल कमरेत वाकून बसलेलं असेल तर हे दिसत नाही, सरळ आडवं झोपवा आणि उजेड बाजूने येऊ द्या. रडताना किंवा दूध पिताना दिसलं तर धरू नका. शांत असताना प्रत्येक श्वासाला दिसलं पाहिजे. नुसत्या दोन बरगड्यांमधली कातडी आत जाते, तिला मी इथे धरत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची छाती मऊ असते, थोडंसं आत जातंच. खोल आणि ठळक असेल तर मात्र धोका.

आजोबांचं शेवटचं अस्त्र म्हणजे ऑक्सिमीटर. कोविडच्या वेळचा, मोठ्या माणसाच्या बोटाचा चिमटा बाळाच्या अंगठ्यावर लावला, शहाण्णव दाखवलं. मोठा चिमटा इवल्याशा बोटावर नीट बसत नाही, बाळ हात हलवतं, आणि आकडा भलताच येतो. दवाखान्यात पायाला लहान मुलांचा सेन्सर गुंडाळल्यावर एकोणनव्वद निघालं. नव्वदच्या खाली म्हणजे ऑक्सिजन लागणारच. नाकात नळ्या लावून ऑक्सिजन आणि शिरेतून प्रतिजैविकं दिली. तिसऱ्या दिवशी श्वास चव्वेचाळीसवर आला, या वेळी पूर्ण मिनिट मोजून. छाती ओढणं थांबलं आणि पोरगं पुन्हा अंगावर प्यायला लागलं.

आता थोडं उलट्या बाजूचं, नाहीतर नुसत्या आकड्यावर बसाल. श्वास जास्त म्हणजे न्यूमोनियाच असं नाही. बारीक श्वासनळ्या सुजल्या, दम्यासारखी शिट्टी वाजत असली, हृदयाचा दोष असला तरी असंच दिसतं, पण तो निवाडा डॉक्टरांचा. आणि आकडा कमी म्हणजे बरं, असंही नाही. मूल पितच नाही, घेतलेलं सगळं ओकतं, झटका आला, उठवून उठत नाही, कण्हल्यासारखा आवाज करतं, ओठ-जीभ निळसर दिसतात, यातलं एकही असेल तर मोजत बसू नका, १०८ला फोन करा. सगळ्यात फसवं म्हणजे संध्याकाळी साठ असलेला श्वास रात्री तीसवर येतो आणि मूल मलूल पडतं. घरचे म्हणतात, 'बघा, शांत झोपलं.' ते थकलेलं असतं. झोप आणणारं खोकल्याचं औषध दिलं असेल तर ही मलूली आणखीच लपते.

सासूबाईंशी वाद घालत बसू नका, त्यांनाच घड्याळ धरायला सांगा आणि तुम्ही मोजा. आकडा, वेळ, आणि बाळ झोपेत होतं की जागं, हे कागदावर लिहा. आज पंचेचाळीस आले तर उद्या सकाळ-संध्याकाळ पुन्हा मोजा. डॉक्टरांनी गोळ्या-औषध देऊन घरी पाठवलं, तरी तीन दिवसांनी परत दाखवा, आणि मधेच छाती ओढायला लागली तर त्याच क्षणी.