सोसायटीच्या सूचनेत ‘करा’ की ‘करावे’?

आमच्या सोसायटीत बाहेरच्यांच्या नोंदीसाठी नवे अ‍ॅप आले आहे. ते मराठीत कसे करायचे याची सूचना सभासदांसाठी लिहायची आहे. बटणांची नावे मराठीत द्यावीत की इंग्रजीच ठेवावीत? आणि ‘करा’ लिहावे की ‘करावे’? ‘करा’ जरा हुकमी वाटते.

बटणांची नावे पडद्यावर दिसतात तशीच रोमन लिपीत द्यावीत आणि पायऱ्या ‘करा’ या रूपात लिहाव्यात, असे माझे मत आहे.

सूचना वाचणाऱ्या सभासदाच्या फोनवर त्या वेळी इंग्रजीच दिसत असते. ‘भाषा हा पर्याय निवडा’ असे लिहिले, तर तो शब्द त्याला पडद्यावर कुठेच सापडणार नाही. ‘लँग्वेज’ असे लिहिले, तर इंग्रजी वाचण्याचा सराव नसलेल्या आजोबांना कागदावरची अक्षरे पडद्यावरच्या अक्षरांशी ताडून पाहता येणार नाहीत, आणि नेमकी त्यांनाच या सूचनेची सर्वांत जास्त गरज आहे. फक्त शेवटच्या पायरीत निवडायचे भाषेचे नाव देवनागरीत लिहावे, कारण भाषांच्या यादीत बहुधा प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत असते आणि तिथे ‘मराठी’ असेच दिसते.

रोमन शब्दाला प्रत्यय लावताना मात्र अडचण होते. ‘Settingsमध्ये’ हे डोळ्यांना खटकते, आणि ‘Settings मध्ये’ असे तोडून लिहिणे शब्दयोगी अव्यय जोडून लिहिण्याच्या आपल्या नियमात बसत नाही. पडद्यावरचे नाव मराठी असले तरी अडचण संपत नाही, कारण प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. बटणावर ‘भाषा’ असते आणि सूचनेत ‘भाषेवर’ असे छापले जाते. त्यामुळे प्रत्यय नावाला न लावता ‘पर्याय’ किंवा ‘बटण’ या शब्दाला लावावा: ‘“Language” या पर्यायावर बोट टेकवा’. असे केल्याने नाव अवतरणचिन्हांत जसेच्या तसे राहते.

आता क्रियापदाकडे वळू. ‘करावे’ हे विध्यर्थी रूप कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते: भाषा बदलावी, पर्याय निवडावा, बटण दाबावे. एकामागून एक पायऱ्या लिहिताना ही रूपे हमखास चुकतात आणि ‘पर्याय निवडावे’ असे काहीतरी छापले जाते. ‘निवडा’, ‘दाबा’ ही रूपे स्थिर राहतात, आणि एका हातात फोन धरून वाचणाऱ्याला ती पटकन कळतात. अनेकवचनी आज्ञार्थात आदर आहेच. त्यात हुकूम वाटत असेल, तर सुरुवातीला एकदाच ‘सभासदांना विनंती आहे की’ असे लिहावे. ‘भाषा बदलण्यात यावी’ हे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यात कर्ता लपतो आणि हे काम सोसायटीचे कार्यालय करणार आहे असा समज होतो, प्रत्यक्षात मात्र ही निवड बहुधा ज्या त्या फोनपुरती असते आणि घरातल्या प्रत्येकाला ती आपापल्या फोनवर करावी लागते.

आणखी एक घोळ संभवतो. ‘Settings’ नावाची जागा अ‍ॅपमध्ये असते, तशी फोनमध्येही असते. नुसते ‘Settings उघडा’ असे लिहिले, तर काही जण फोनचीच भाषा बदलून बसतील. मग घड्याळ, संपर्कयादी, कॅमेरा असे सगळेच मराठीत दिसू लागेल. म्हणून ‘अ‍ॅपमधील’ किंवा ‘फोनमधील’ हा शब्द दर वेळी लिहावा. अँड्रॉइड १३ पासून एकाच अ‍ॅपची भाषा फोनमधूनही बदलता येते. फोनमधील ‘Settings’, मग ‘System’, मग ‘Languages’, मग ‘App languages’ असा तो क्रम आहे, पण काही कंपन्यांच्या फोनवर ही नावे व जागा वेगळ्या असतात. त्यामुळे मुख्य सूचनेत अ‍ॅपमधलाच मार्ग द्यावा.

अ‍ॅपमध्ये ‘Profile’, ‘Settings’ आणि ‘Language’ ही नावे आहेत असे धरून मसुदा देतो. तुमच्या पडद्यावर वेगळी नावे असतील, तर ती अक्षरशः तशीच घ्या.

‘सर्व सभासदांना विनंती आहे की, बाहेरून येणाऱ्यांच्या नोंदीचे अ‍ॅप मराठीत वापरायचे असल्यास पुढीलप्रमाणे बदल करा. अ‍ॅप उघडून “Profile” हे बटण दाबा. तिथे अ‍ॅपमधील “Settings” हा पर्याय निवडा. त्यानंतर “Language” या पर्यायावर बोट टेकवा आणि यादीतून “मराठी” निवडा. फोनची भाषा बदलण्याची गरज नाही. घरातील प्रत्येकाने हा बदल आपल्या फोनवर स्वतंत्रपणे करायचा आहे.’

मसुद्यात ‘पाहुणे’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे, कारण कुरिअरवाला किंवा गॅसवाला पाहुणा नसतो; ‘अभ्यागत’ हा शब्द अचूक आहे, पण तो सरकारी कार्यालयाच्या फलकावर शोभतो. मराठी केलेल्या पडद्यावर ‘अभ्यागत’ असेच दिसत असेल, तर ‘अ‍ॅपमध्ये यांना “अभ्यागत” म्हटले आहे’ एवढे एक वाक्य मसुद्यात वाढवा.