घराच्या डिपॉझिटचे पैसे आणि ‘ले द ड्रॉ’चा हिशेब

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, लेस्टरमध्ये नोकरी करतो. पहिल्या घराच्या डिपॉझिटसाठी ४,००० पौंड साठवलेत. बेटफेअर एक्स्चेंजवर, जिथे ग्राहकच एकमेकांविरुद्ध पैज लावतात तिथे, फुटबॉल सामन्यांवर ‘ले द ड्रॉ’ करायचं मनात आहे. सामन्याआधी बरोबरी ले करायची, म्हणजे बरोबरी होणार नाही अशी पैज घ्यायची, गोल झाला की ग्रीन-अप करून, म्हणजे उलटी पैज लावून नफा पक्का करून, बाहेर पडायचं. कागदावर १२ सामने करून पाहिले, १० हिरवे, म्हणजे नफ्यात, निघाले. सामन्याला ५० पौंड लावून महिन्याला दोनेकशे सुटले तरी पुरे. पुण्याचा भाऊही पैसे पाठवायला तयार आहे. करू का?

उत्तर : डिपॉझिटच्या पैशातून करू नका. भावाचे पैसे तर मुळीच घेऊ नका. कारण सांगण्याआधी आकडेमोड करू या, कारण तुमच्या ‘१० हिरवे’ या आकड्यात काय दडलंय ते त्याशिवाय दिसणार नाही.

समजा, सामना सुरू होण्याआधी बरोबरीचा भाव ३.६ आहे, म्हणजे बरोबरीवर लावलेल्या एका पौंडाचे बरोबरी झाल्यास मूळ धरून ३.६ पौंड मिळतात, आणि तुम्ही ५० पौंडांचा ले केलात. इथे जोखीम ५० पौंडांची नाही. सामना बरोबरीत सुटला तर तुम्हाला ५० गुणिले २.६, म्हणजे १३० पौंड द्यावे लागतील. एक्स्चेंज तेवढे पैसे आधीच अडवून ठेवतं. कोणताही एक संघ जिंकला तर ५० पौंड तुमचे.

आता तिसाव्या मिनिटाला, ज्याच्याकडून जिंकण्याची अपेक्षा होती त्याच यजमान संघाने गोल केला आणि बरोबरीचा भाव ५ वर गेला. ग्रीन-अपसाठी आता बरोबरी बॅक करायची, म्हणजे बरोबरी होईल यावर पैसे लावायचे. किती पौंडांनी, याचं सूत्र साधं आहे :

बॅकची रक्कम = लेची रक्कम × लेचा भाव ÷ आत्ताचा भाव

५० × ३.६ ÷ ५ म्हणजे ३६ पौंड. सामना बरोबरीत सुटला तर बॅकवर १४४ मिळतात, लेवर १३० जातात, हाती १४ उरतात. यजमान किंवा पाहुणे जिंकले तर लेचे ५० मिळतात, बॅकचे ३६ जातात, पुन्हा १४. तिन्ही निकालांवर सारखेच. एक्स्चेंजचं कमिशन निव्वळ नफ्यावर लागतं. ते २ टक्के धरलं तर १३.७२ पौंड.

हा नफा सारखा वाटलाच पाहिजे असंही नाही. त्याच भावाला ३६ ऐवजी ३२.५० पौंड बॅक केले तर बरोबरीत शून्य आणि इतर निकालांवर १७.५० मिळतात. पूर्ण ५० बॅक केले तर इतर निकालांवर शून्य आणि बरोबरीत ७०. म्हणजे ग्रीन-अप नवा पैसा निर्माण करत नाही. भाव हलल्यामुळे जे मूल्य तयार झालं, ते कोणत्या निकालावर किती ठेवायचं एवढंच ते ठरवतं.

दुसरी बाजू. ७० मिनिटं झाली, अजून ०-०. वेळ सरते तसा बरोबरीचा भाव उतरत जातो. समजा तो २ वर आला. तेच सूत्र लावा : ५० × ३.६ ÷ २ म्हणजे ९० पौंड बॅक. संघ जिंकला तर ५० वजा ९०, बरोबरी झाली तर ९० वजा १३०. सगळीकडे ४० पौंडांचा तोटा. जिंकलात तर १३.७२, हरलात तर ४०. नुसतं ना नफा ना तोटा राहायलाही साधारण ७४.५ टक्के सामने हिरवे यावे लागतात.

म्हणून तुमच्या १२ पैकी १० ला मी फार वजन देत नाही. या पद्धतीत नफाही नाही आणि तोटाही नाही असं धरलं, तरी केवळ योगायोगाने १२ पैकी १० किंवा जास्त सामने हिरवे येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. एवढ्या सामन्यांवरून तुमचं कौशल्य आणि नशीब वेगळं काढता येत नाही.

कागदावर आणखी एक गोष्ट हुकते. गोल झाला की बाजार थांबतो, जुळणी न झालेल्या बोली रद्द होतात, आणि बाजार उघडतो तेव्हा भाव आधीच उडी मारून बसलेला असतो. चालू सामन्यात तुमची बोली काही सेकंद अडवून ठेवली जाते, ते वेगळंच. आणि प्रत्येक गोल तुमच्या बाजूचा नसतो. दुबळ्या मानलेल्या पाहुण्या संघाने आधी गोल केला तर बाजार म्हणतो, यजमान बरोबरी साधतील. भाव ३.६ वरून ३.४ वर आला तर गोल होऊनही तुम्ही जवळजवळ ३ पौंडांनी मागे असता. तिथे माणूस थांबतो, १-१ होतं, आणि तोटा मोठा होतो. कागदावर तुम्ही अशा सामन्यांचं काय केलंत, भाव कोणत्या क्षणाचा धरलात, हे मला बघायला आवडेल. ७० व्या मिनिटाला बाहेर न पडता ‘आता होईल गोल’ म्हणून बसलात तर पूर्ण १३० जातात. असे दोन सामने म्हणजे जवळपास १९ हिरव्या सामन्यांची कमाई पाण्यात.

मुळात ३.६ हा भाव बरोबरीची शक्यता २८ टक्क्यांच्या आसपास धरतो. गोल होण्याची शक्यता, वेळ सरण्याचा वेग, हे सगळं त्यात आलेलंच आहे. तो भाव योग्य असेल तर तुम्ही कधीही बाहेर पडा, दीर्घकाळात हाती शून्यच, आणि त्यातून कमिशन वजा. नफा हवा तर बाजाराने बरोबरीला जास्त शक्यता दिली आहे असे सामने तुम्हाला बाजाराआधी ओळखता आले पाहिजेत. ते कशावरून ओळखता, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता त्या ४,००० पौंडांचं. तुम्ही आजवर जगात कुठेही घराचे मालक झाला नसाल (पुण्यात एखादा फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर हे लागू नाही), तर लाइफटाइम आयसा हे बचत खातं बघा. सध्याच्या नियमांनुसार वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत भरलेल्या रकमेवर सरकार २५ टक्के देतं, म्हणजे १,००० पौंड. घराची किंमत ४,५०,००० पौंडांपेक्षा जास्त नको, आणि पहिली रक्कम भरल्यावर १२ महिने थांबावं लागतं. दुसऱ्या कारणासाठी पैसे काढले तर २५ टक्के कापले जातात. ५,००० चे ३,७५० हाती येतात, म्हणजे स्वतःचेही २५० जातात. तेव्हा घर नक्की घ्यायचं असेल तरच. तुम्हाला महिन्याला २०० हवे होते, त्यातले वर्षाचे १,००० इथे कोणताही सामना न बघता मिळतात.

ब्रिटनमध्ये बेटिंगच्या कमाईवर कर नाही हे खरं, पण तोट्याची वजावटही नाही. आणि गृहकर्ज देणारे बँकेची स्टेटमेंट मागतात तेव्हा एक्स्चेंजकडे जाणारे-येणारे पैसे त्यांना दिसतात. वर्षा-दोन वर्षांत कर्ज मागायचं असेल तर याचा विचार आजच करा.

भावाबद्दल : परकीय चलनाच्या भारतातल्या नियमांत लॉटरी आणि फुटबॉल पूल वगैरेंसाठी बाहेर पैसे पाठवण्यावर स्पष्ट बंदी आहे. घरखर्च म्हणून पाठवून इथे लावले तर खोटं कारण दाखवल्याचा दोष त्याच्यावर येईल. त्याला आजच फोन करून नाही सांगा.

एवढं होऊनही करून बघायचंच असेल तर करमणुकीच्या खर्चातून २०० पौंड वेगळे काढा. सामन्याला २ पौंडांचा ले, म्हणजे ३.६ भावाला ५.२० पौंडांची जोखीम. प्रत्येक सामन्याचा आत शिरण्याचा भाव, बाहेर पडण्याचा भाव, मिनिट, आणि कमिशननंतरची रक्कम वहीत लिहा. १०० सामने झाले की ती वही मला पाठवा. २०० संपले आणि पुन्हा भरावेसे वाटले तर तिथेच थांबा. थांबणं जमत नसेल तर गॅमस्टॉप या स्वतःवर बेटिंगबंदी घालून घेण्याच्या योजनेत नाव नोंदवा. ते मोफत आहे, आणि ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना लागू होतं.