छातीला मार लागला, पहिला एक्स-रे नॉर्मल, दुसऱ्या दिवशी धाप

प्रश्न: वडील (वय ६२) काल दुचाकीवरून पडले, हँडल उजव्या बाजूला छातीत घुसल्यासारखा लागला. तासाभरात एक्स-रे काढला, तो नॉर्मल निघाला, म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. आज खोल श्वास घेता येत नाही आणि चालताना धाप लागतेय. एक्स-रे वाचण्यात चूक झाली का?

उत्तर:

आधी त्यांना रुग्णालयात न्या, आत्ताच, आणि थेट तातडीच्या विभागात. काल नसलेली धाप आज लागतेय, एवढं कारण पुरेसं आहे. एक्स-रे वाचण्यात चूक झालीच असेल असं नाही. तो फार लवकर काढला गेला, हे जास्त संभवतं.

मुक्या माराने फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात आणि रक्त हळूहळू वायुकोशांमध्ये झिरपतं. पाठोपाठ सूज येऊन तिथे पाणीही साचतं. एक्स-रेवर हवा काळी दिसते आणि द्रव पांढरा, म्हणजे डाग दिसायला हवेची जागा बऱ्यापैकी द्रवाने घ्यावी लागते. पहिल्या तासात तेवढा द्रव जमलेला नसतो. बहुतेकांत डाग साधारण ६ तासांत उमटतो आणि २४ ते ४८ तासांपर्यंत वाढत जातो. सीटी स्कॅनमध्ये तो बराच आधी दिसतो.

बरगड्यांचं कारण वेगळं आहे. साध्या एक्स-रेत मोडलेल्या बरगड्यांपैकी जवळपास निम्म्या सुटतात. नुसती चीर असेल आणि टोकं सरकली नसतील, तर किरण नेमके त्या चिरेच्या रेषेत गेले तरच ती दिसते. त्यात बरगडी पाठीकडून वळून पुढे येते, त्यामुळे कुशीतला भाग फिल्मवर एकावर एक चढून येतो, आणि मार बसतो तोही बऱ्याचदा तिथेच. पुढची कूर्चा तर साध्या एक्स-रेत दिसतच नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर फिल्मपेक्षा बोटावर जास्त विश्वास ठेवतात. एका ठरावीक जागी दाबल्यावर रुग्ण कळवळला, आणि छाती पुढून-मागून हलकेच दाबल्यावरही कळ त्याच जागी आली, तर फिल्म काहीही म्हणो, बरगडी मोडली असं धरून चालतात. (हे घरी करून बघू नका.)

कालची फिल्म झोपवून काढली होती का, हेही विचारा. उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये फुप्फुसाबाहेर २०० ते ३०० मिली रक्त साचलं की खालचा कोपरा बोथट दिसतो. झोपलेल्या माणसात तेच रक्त पाठीमागे पातळ पसरतं आणि नुसतं धुरकट दिसतं. अशा वेळी सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते.

असा रुग्ण साधारण कसा बिघडतो ते बघा. तासाभरात श्वास मिनिटाला १८, ऑक्सिजन ९७ टक्के, फिल्म स्वच्छ. वीस तासांनी श्वास २८, ऑक्सिजन ९१, आणि उजवीकडे पाचव्या ते सातव्या बरगडीच्या आत पांढरा ठिपका, फुप्फुसाच्या खंडांची सीमा न जुमानणारा. सीटीत तीन बरगड्यांना चिरा. इथे दोन गोष्टी एकदम घडतात. द्रवाने भरलेल्या भागातून जाणाऱ्या रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही, आणि दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग कफ तुंबतो, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि तिथे न्यूमोनियाला वाव मिळतो. श्वासांचा वेग बऱ्याचदा ऑक्सिजनच्या आकड्याआधी बिघडतो, म्हणून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. विसाव्याने बसलेलं असताना २४ च्या वर जात असेल तर ते नॉर्मल नाही.

उपचाराचा कणा म्हणजे वेदना मारणं. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी दिलं जातं, दुखेल तेव्हाच नव्हे. ते पुरलं नाही तर बरगडीच्या मज्जातंतूजवळ किंवा पाठीत भूल देतात. इंजेक्शनला घाबरून नको म्हणू नका, खोकता येणं त्यावरच अवलंबून असतं. जागेपणी दर तासाला स्पायरोमीटर या श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणावर दहा खोल श्वास, आणि खोकताना उशी छातीशी धरायची. गरजेपेक्षा जास्त सलाईन फुप्फुसातली सूज वाढवू शकतं. आणि छातीला पट्टा आवळू नका. ही जुनी सवय अजून गेलेली नाही, पण त्याने श्वास आणखी उथळ होतो.

सहसा डाग आठवडा ते दोन आठवड्यांत विरतो, बरगडी सहाएक आठवडे दुखते. सुटलेली चीर कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी, नवं हाड धरायला लागल्यावरच फिल्मवर दिसते. मात्र तिसऱ्या दिवसानंतर डाग वाढतोय, ताप आणि पिवळा कफ आहे, तर न्यूमोनियाचा विचार करायचा. धाप अचानक वाढली, कफात रक्त आलं, किंवा छातीचा एखादा तुकडा श्वास घेताना बाकीच्या छातीच्या उलट आत जाताना दिसला, तर दिवस कितवाही असो, पुन्हा तातडीच्या विभागात.