जोडीतलं एकच प्रथिन का तुटतं?

प्रश्न: पेशीला विभाजनात ढकलणारी सायक्लिन बी आणि सीडीके१ ही प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात ना? मग प्रोटिएसोम नेमकं सायक्लिनच कसं खातो, सीडीके१ कसं वाचतं?

प्रोटिएसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, आणि त्याचं तोंड फार अरुंद असतं म्हणून. घडी घातलेलं प्रथिन त्यातून जात नाही, मग दोन प्रथिनांची जोडी तर दूरच. आत जाते ती उलगडलेली साखळी, आणि तीही सुटं टोक सापडलं तरच. सुईत दोरा ओवताना जसं सुटं टोक लागतं, गाठ चालत नाही, तसंच. सायक्लिन बीकडे असं टोक आहे. त्याच्या सुरुवातीच्या साधारण शंभर अमिनो आम्लांना ठरावीक घडीच नसते, ती लोंबत असतात.

त्याच लोंबत्या भागात एक छोटी खूण आहे. आर्जिनिन, मग कुठलीही दोन अमिनो आम्लं, मग ल्युसिन. हिला डी-बॉक्स म्हणतात. एपीसी नावाचं मोठं एन्झाइम सीडीसी२० या जोडीदाराच्या मदतीने ही खूण पकडतं आणि शेजारच्या लायसिनांवर युबिक्विटिन बसवायला लावतं. युबिक्विटिन म्हणजे ७६ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन. ई१ एन्झाइम एटीपी खर्चून ते स्वतःवर घेतं, ई२कडे सोपवतं, आणि एपीसी त्या ई२ला सायक्लिनच्या अगदी जवळ आणून ठेवतं. एकावर एक युबिक्विटिन चढून साखळी होते. सीडीके१वर डी-बॉक्स नाही, त्यामुळे एपीसी त्याला धरत नाही.

पुढचं काम प्रोटिएसोमच्या टोपीचं. तिथली प्रथिनं युबिक्विटिनची साखळी धरून ठेवतात आणि एटीपी खर्चून ओढणाऱ्या सहा एन्झाइमांचं, म्हणजे एटीपीएजचं कडं सायक्लिनचं सुटं टोक आत ओढू लागतं. त्या ओढीने सायक्लिनची घडी उसवते. ज्या घडीला सीडीके१ चिकटलेलं होतं तीच मोडल्यावर ते सुटून बाहेर राहतं. युबिक्विटिनही आत जात नाही. टोपीतलं आरपीएन११ ते कापून परत मोकळं करतं. आत पोचलेल्या सायक्लिनचे बारीक तुकडे होतात. एकटं पडलेलं सीडीके१ काम करत नाही, पण शाबूत असतं आणि पुढच्या फेरीत नवं सायक्लिन तयार झालं की पुन्हा वापरात येतं.

सगळं त्या टोकावर अवलंबून आहे हे कशावरून? १९८९ मध्ये मरे, सॉलोमन आणि कर्शनर यांनी सी अर्चिनच्या सायक्लिनची पहिली नव्वद अमिनो आम्लं कापून उरलेलं प्रथिन बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात टाकलं. ते तुटेना, आणि अर्क विभाजनाच्या अवस्थेतच अडकून बसला. १९९१ मध्ये ग्लॉत्झर, मरे आणि कर्शनर यांनी उलटी बाजू दाखवली. तेच टोक सायक्लिनशी संबंध नसलेल्या एका जिवाणूच्या प्रथिनाला जोडलं, तर तेही विभाजनाच्या वेळी तुटलं. मला हा दुसरा प्रयोग जास्त आवडतो. टोक कापल्यावर प्रथिनाचं आणखी काही बिघडलं असेल, ही शंका त्यात उरत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या हेला पेशी नोकोडॅझोल या औषधाने विभाजनात अडवा, मग औषध धुऊन टाका आणि दर पंधरा मिनिटांनी नमुना घेऊन वेस्टर्न ब्लॉट करा, म्हणजे हवं ते प्रथिन पडद्यावर पट्ट्यासारखं दिसेल. औषध असेपर्यंत गुणसूत्रं तर्कूच्या धाग्यांना नीट जोडली जात नाहीत आणि तोवर सीडीसी२० दाबून ठेवलेलं असतं. धुतल्यावर सगळी गुणसूत्रं जोडली जातात, ती अडवणूक उठते, आणि सायक्लिन बी१चा पट्टा नमुन्यागणिक फिका होत जातो. त्याच पडद्यावर सीडीके१चा पट्टा मात्र सगळ्या नमुन्यांत सारखाच जाड दिसतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन ओळींत शेजारी शेजारी दिसतं.

पण पट्टा फिका झाला म्हणजे प्रथिन तुटलंच असं नाही, नव्याने बनणं थांबलं असेल तरीही तो फिका होईल. म्हणून एका ताटलीत प्रोटिएसोम थांबवणारं एमजी-१३२ घालतात. तिथे पट्टा टिकला तर प्रोटिएसोमकडे बोट दाखवता येतं. मात्र अर्थ लावताना जपून. एमजी-१३२ने जुळी गुणसूत्रं अलग होऊ न देणारं सेक्युरिन हे प्रथिनही तुटायचं थांबतं, त्यामुळे पेशी मेटाफेजमध्ये, म्हणजे गुणसूत्रं अलग होण्याच्या आधीच्या टप्प्यातच अडकते. सायक्लिन टिकल्यामुळे ती अडकली, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

युबिक्विटिन चढलेलं सायक्लिन मुख्य पट्ट्याच्या वर शिडीसारखं दिसायला हवं. माझ्या पहिल्या तीन ब्लॉटमध्ये एमजी-१३२ घालूनही शिडी आली नव्हती. पेशी फोडल्यावर त्यांच्यातलीच एन्झाइमं युबिक्विटिन सोलून काढत होती. पेशी फोडायच्या द्रावणात ताजं एन-इथाइलमॅलेइमाइड घातलं, आणि चौथ्या वेळी शिडी उमटली.