‘उतारा पाहिजे’ म्हणजे नेमका कुठला?

तुम्ही नव्यानं अर्ज भरून द्यायला बसलाय, म्हणून एवढंच सांगतो. बेळगाव भागात कुणी ‘उतारा काढा’ म्हटलं की लगेच संगणकाकडे वळू नका. आधी विचारा: शेताचा की घराचा?

- सर्व्हे नंबर, हिस्सा, पीककर्ज असं बोलणं निघालं तर शेताचा, म्हणजे पहाणी. ती कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ संकेतस्थळावर मिळते. तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर भरा. हिस्सा चुकला की दुसऱ्याचीच जमीन निघते, म्हणून छापण्याआधी मालकाचं नाव वाचून दाखवा.
- गावठाणातलं घर, घरपट्टी असेल तर पंचायतीचा ‘ई-स्वत्तू’ उतारा.

नवखे हमखास ‘सातबारा’ शोधत बसतात, तो महाराष्ट्रातला. आणि शाळकरी पोरगं विचारत असेल, तर त्याला बहुधा पेपरातला उतारा हवा असतो!