सेलमधली सूट खरी की नुसती दाखवायची?

खोडलेल्या किमतीकडे आधी दुर्लक्ष करा. ती बहुतेकदा एमआरपी असते आणि त्या भावाने ती वस्तू क्वचितच कोणी घेतलेली असते. खरा प्रश्न एवढाच, की सेलच्या आधी ती कितीला मिळत होती?

त्यासाठी Keepa सारख्या किंमत नोंदवणाऱ्या साधनात त्या वस्तूचा आलेख उघडा आणि कालावधी निदान सहा महिन्यांचा ठेवा. महिनाभराचा आलेख फसवतो, कारण भाव वाढवायचा खेळ नेमका सेलच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत होतो.

समजा, हेडफोनवर ८,००० खोडून ४,००० लिहिलंय, म्हणजे ५० टक्के सूट. आलेखात मात्र पाच महिने रेघ ४,३०० वर सपाट आहे, सेलआधी तीन आठवडे ५,५०० वर चढलीय आणि आता ४,००० वर उतरलीय. तुलना ४,३०० शीच करायची. सूट निघाली ३०० ची, जेमतेम ७ टक्के. मागच्या सेलमध्ये तोच ३,९०० ला गेला असेल, तर घाई नसल्यास मी थांबेन.

रंग आणि मॉडेल नंबर मात्र नीट जुळवा, दुसऱ्याच व्हेरिएंटचा आलेख बघून हमखास गोंधळ होतो. कार्डावरची सूट आणि कूपन सहसा आलेखात धरलेलं नसतं, ते स्वतः वजा करा. नुकत्याच बाजारात आलेल्या मॉडेलला जुना भावच नसतो. तिथे दोन-तीन दुकानांतला आजचा भाव ताडून बघा.